ऑपरेशनच्या आधी सकाळचा कच्चा लसूण, जिन्कगो आणि सुंठेचा काढा का थांबवायचा?

प्रश्न: आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. बाबांचं (वय ६६) प्रोस्टेटचं दुर्बिणीतून ऑपरेशन सोळा दिवसांनी ठरलं आहे. ते चार वर्षांपासून रोज सकाळी उपाशीपोटी सहा-सात पाकळ्या कच्चा लसूण खातात, संध्याकाळी सुंठेचा काढा घेतात आणि ताईने पाठवलेली जिन्कगोची कॅप्सूल घेतात. भूलतज्ज्ञांनी तिन्ही दोन आठवडे बंद करायला सांगितलं. बाबा म्हणतात, "लसन तं वरनातबी रायते, त्यानं काय होते?" खरंच बंद करायची गरज आहे का? आणि मग घरचं जेवणही बिनलसणाचं करायचं का?

उत्तर:

तिन्ही बंद करा, आणि आजपासूनच करा. वरणाच्या फोडणीतला, भाजीतला लसूण चालू राहू द्या. त्यासाठी वेगळा स्वयंपाक करायची गरज नाही. चहात आल्याचा तुकडा पडत असेल तर तोही चालेल. मी स्वतः भूलतज्ज्ञ आहे, १९ वर्षं विदर्भातल्या तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी हेच काम करतो. बाबांचा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं, आणि तो अगदी रास्त आहे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी हे ऑपरेशन कसं असतं ते लक्षात घ्या. लघवीच्या वाटेने दुर्बीण आत जाते आणि वाढलेली ग्रंथी विजेच्या तारेने चकत्या काढाव्यात तशी थोडी थोडी कापून बाहेर काढतात. रक्तवाहिनी दिसली की ती जाळून बंद करतात. पण शेवटी आत एक ओली, उघडी जखम राहतेच. तिला टाके घालता येत नाहीत. हाताला कापलं तर आपण बोट दाबून धरतो, तसं तिथे दाबताही येत नाही. त्यावरून सतत पाणी वाहत असतं, आणि लघवीत मुळातच रक्ताच्या गाठी विरघळवणारा एक घटक असतो. त्यामुळे बारीक बारीक तोंडांमधून झिरपणारं रक्त थांबवायचं काम जवळजवळ पूर्णपणे रक्तातल्या प्लेटलेट्सवर पडतं. हर्निया किंवा हाताच्या गाठीचं ऑपरेशन असतं तर मी हाच सल्ला दिला असता, पण एवढ्या आग्रहाने नाही. प्रोस्टेट, डोळ्याचा मागचा भाग, मेंदू, मणका, टॉन्सिल, म्हणजे जिथे दाबायला जागा नाही किंवा थोडंसं रक्तही महागात पडतं, तिथे मी हट्ट धरतो.

आता लसणाकडे येऊ. जखम झाली की प्लेटलेट्स तिथे चिकटतात आणि थ्रॉम्बॉक्सेन नावाचं रसायन सोडून आणखी प्लेटलेट्सना बोलावतात. त्यांचा गोळा झाला की भोक बुजतं. ॲस्पिरिन हेच बोलावणं बंद करतं, म्हणून हृदयाच्या रुग्णांना ते देतात. कच्च्या लसणातून निघणारे काही गंधकाचे पदार्थ याच कामात अडथळा आणतात. त्यांतल्या अजोईन नावाच्या पदार्थाचा परिणाम प्रयोगशाळेत कायमचा दिसतो, म्हणजे एकदा बिघडलेली प्लेटलेट पुन्हा सुधारत नाही. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे ती स्वतःची दुरुस्ती करू शकत नाही. ती सात ते दहा दिवस जगते आणि मग शरीर तिच्या जागी नवी आणतं. रोज साधारण दहावा हिस्सा नवा येतो. आज लसूण थांबवला तर आठवड्याभरात बहुतेक फौज नवी झालेली असते. लसणासाठी किमान सात दिवस सांगतात ते यामुळेच.

मग वरणातल्या लसणाचं काय? बाबांना हे स्वयंपाकघरात दाखवता येईल. एक अख्खी, न चिरलेली पाकळी नाकाजवळ धरा, फारसा वास येत नाही. तीच पाट्यावर ठेचा, आणि खोलीभर वास पसरतो. पाकळीत दोन वस्तू वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. ठेचल्यावर किंवा चावल्यावर त्या एकत्र येतात आणि ॲलिसिन तयार होतं. तो झणझणीत वास त्याचाच. वर सांगितलेला अजोईन याच ॲलिसिनपासून बनतो. या दोन वस्तूंपैकी एक एन्झाइम आहे, आणि ते उष्णतेने मरतं. तापलेल्या तेलात पाकळी पडली की ॲलिसिन बनायच्या आतच बराचसा कारभार संपतो, आणि बनलेलंही फार टिकत नाही. शिवाय चार माणसांच्या वरणात दोन-तीन पाकळ्या असतात, बाबा एकटे रोज सहा-सात कच्च्या चावतात. पदार्थ एकच, पण मात्रा आणि रूप वेगळं.

ठेचा आणि लसणाची चटणी मधे येतात. भाकरीबरोबर चमचाभर चटणी झाली तर मी अडवत नाही. वाटीभर कच्च्या लसणाची चटणी रोज होत असेल तर या दोन आठवड्यांत हात आवरा.

पुरावा किती पक्का आहे, हेही तुम्हाला माहीत असावं. निरोगी माणसांना जेवणातल्या प्रमाणात कच्चा लसूण देऊन तपासलं तेव्हा प्लेटलेटच्या कामात फरक दिसला नाही. दुसऱ्या बाजूला १९९० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आलेली एक नोंद आहे: ८७ वर्षांचे गृहस्थ, हृदयासाठी म्हणून रोज चारेक पाकळ्या लसूण खाणारे, आणि त्यांच्या मणक्याच्या पोकळीत कुठलीही इजा न होता आपोआप रक्तस्राव झाला. एका माणसाच्या नोंदीवरून लसूणच दोषी असं ठरत नाही. पण चार वर्षं रोज उपाशीपोटी लसूण खाणाऱ्या सहासष्ट वर्षांच्या माणसावर नेमका काय परिणाम होतो, हे मोजणारा मोठा अभ्यास हाताशी नसताना मी एवढंच बघतो की थांबवण्याचा तोटा काय आणि चालू ठेवण्याचा धोका काय. दोन आठवडे लसूण न खाल्ल्याने बाबांचं काहीही बिघडणार नाही.

माझ्या मनात हे कायमचं बसलं ते एका रुग्णामुळे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलतो. कापूस-तूर करणारे ६८ वर्षांचे शेतकरी, हेच प्रोस्टेटचं ऑपरेशन. प्लेटलेट्स २ लाख १० हजार, रक्त गोठण्याची आयएनआर तपासणी १.०, हिमोग्लोबिन १२.४. मी नेहमीप्रमाणे विचारलं, कुठलं औषध चालू आहे? "काहीच नाही जी." पाठीत सुई देऊन कमरेखालची भूल दिली, ती पहिल्याच प्रयत्नात छान बसली. अर्धा तास झाला असेल, सर्जन म्हणाले, "आज सगळीकडूनच झिरपतंय." एखादी रक्तवाहिनी उघडी असली की रक्ताची चिळकांडी दिसते आणि ती जाळली की प्रश्न मिटतो. इथे चिळकांडी कुठेच नव्हती. अख्खी जखम ओल्या भिंतीसारखी पाझरत होती.

ऑपरेशन कसंबसं संपवलं. वॉर्डमध्ये नळीतून पाणी चालू होतं, तरी पिशवीतला रंग उतरत नव्हता. चार तासांनी नळी गाठींनी बंद पडली. ओटीपोट ताठ झालं, माणूस तळमळायला लागला. सिस्टरने मोठ्या सिरिंजने धुऊन पाहिलं, पण गाठी निघाल्या नाहीत, शेवटी परत थिएटरमध्ये घेऊन धुवावं लागलं. हिमोग्लोबिन ८.९ वर आलं. रक्ताची पिशवी जिल्ह्याहून आणायची होती, ५८ किलोमीटर, तेही पावसाळ्यातल्या रात्रीच्या रस्त्याने. ती येईपर्यंतचे दोन तास मी त्यांच्या खाटेजवळ बसून होतो.

तेव्हा त्यांच्या पत्नीशी निवांत बोललो. घरात काय काय खातात-पितात, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "थे रोज सकाई दहा पाकया लसन खातेत जी. थ्या काई औषद नाई नं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आन् गुडघ्याची गोई घेतेत, मेडिकलवाल्याची." ती दुखण्याची गोळी होती. तीही थ्रॉम्बॉक्सेनवरच घाव घालते. म्हणजे एकाच दाराला दोघं मिळून धक्का देत होते, आणि मला दोघांचीही खबर नव्हती. त्या रक्तस्रावात लसणाचा वाटा किती, गोळीचा किती आणि प्रोस्टेटचा स्वतःचा किती, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. प्रोस्टेट मुळात रक्ताळ ग्रंथी आहे. पण आधी कळलं असतं तर ते ऑपरेशन मी आठवडाभर पुढे ढकललं असतं आणि रक्ताची पिशवी आधीच आणून ठेवली असती. माणूस बरा होऊन घरी गेला. त्या दिवसापासून मी "औषध काय घेता" एवढ्यावर थांबत नाही. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं, ते क्रमाने विचारतो. आपल्या भागात लसूण, सुंठ, काढा, चूर्ण याला कुणी औषध म्हणत नाही, त्यामुळे औषधाच्या प्रश्नाला ते उत्तरात येतच नाही.

त्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल होते, हे लक्षात ठेवा. तुमच्याही बाबांचे तसेच येतील, आणि घरात कुणीतरी म्हणेल की रिपोर्ट चांगले आहेत मग लसूण कशाला सोडायचा. प्लेटलेटची संख्या मोजणारी तपासणी डोकी मोजते. ती कामाला लागतात का, हे ती सांगत नाही. आयएनआर हा रक्त गोठवणाऱ्या दुसऱ्या साखळीचा आहे, प्लेटलेटशी त्याचा संबंध नाही. रक्त थांबायला आणि गोठायला किती वेळ लागतो हे बघायला बोट किंवा कान टोचून बीटी-सीटी करतात, त्यावरून ऑपरेशनमध्ये किती रक्त जाईल याचा भरवशाचा अंदाज येत नाही. प्लेटलेटचं काम मोजणारी यंत्रं मोठ्या शहरांतल्या निवडक ठिकाणी असतात. त्यामुळे इथे रुग्णाने सांगितलेली माहिती हीच आमची तपासणी.

जिन्कगोचं थोडक्यात सांगतो. हे मूळचं चीनमधलं झाड, त्याच्या पानांचा अर्क स्मरणशक्ती, चक्कर, कानातला आवाज यांसाठी विकतात. त्यातली जिन्कगोलाइड नावाची द्रव्यं प्लेटलेट्सना जागं करणाऱ्या एका घटकाला अडवतात. जिन्कगो घेणाऱ्यांमध्ये मेंदूवर आणि डोळ्यात रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत, त्यांतल्या काहींमध्ये जोडीला ॲस्पिरिनही होतं. प्रमाणित अर्क देऊन केलेल्या चाचण्यांत मात्र रक्त गोठण्यात फारसा फरक आढळलेला नाही. शरीरातून ते लवकर जातं, कागदोपत्री दीड दिवस पुरतो. पण ताईने पाठवलेल्या डबीवरचं लेबल वाचा. या कॅप्सूलमध्ये बरेचदा एकट्या जिन्कगोऐवजी पाच-सात घटक असतात, लसणाचा अर्क किंवा ई जीवनसत्त्वही असू शकतं. प्रत्येकाचा वेगळा हिशेब कोण ठेवणार? म्हणून सगळ्याला मिळून दोन आठवडे सांगतात. अमेरिकेतली भूलतज्ज्ञांची संघटनाही बऱ्याच वर्षांपासून हीच मुदत सांगत आली आहे. बाबांच्या बाबतीत एवढे दिवस हाताशी आहेत, मग दीड दिवसावर कशाला यायचं?

सुंठेचा पुरावा तिघांत सर्वांत कच्चा. दोन ग्रॅम सुंठ एकदा घेऊन प्लेटलेटमध्ये फरक पडला नाही, त्याहून जास्त मात्रेत काही प्रयोगांत पडला. रोजचा दाट काढा म्हणजे दोन ग्रॅमपेक्षा जास्त सहज होते, आणि बाबांच्या बाबतीत ती एकटी नाही, लसूण आणि जिन्कगोच्या जोडीला आहे. म्हणून काढा बंद, चहातलं आलं चालू.

भूल देण्याच्या बाजूने एक शंका तुमच्या मनात येईल: लसूण खाणाऱ्याला पाठीत सुई देणं धोक्याचं आहे का? मणक्याच्या पोकळीत रक्त साठलं तर मज्जारज्जू किंवा नसा दबतात आणि पायांची ताकद जाते. हे अतिशय क्वचित घडतं. फक्त लसूण किंवा जिन्कगो घेतलं म्हणून पाठीतली भूल नाकारू नये, असंच या शाखेतल्या मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि मीही नाकारत नाही. सोबत क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन यांसारखं रक्त पातळ करणारं औषध असेल तर मात्र गणित बदलतं. ऑपरेशननंतर भूल उतरून पाय हलायला लागले आणि मग पुन्हा जड पडायला लागले, किंवा पाठीत जोराची कळ आली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच सिस्टरला उठवा.

आता बाबांचा कार्यक्रम. आज सोळा दिवस बाकी आहेत, म्हणजे आजच थांबवलं तर दोन दिवस हातात जास्त आहेत. पण लसूण बंद करण्याआधी त्यांना एक विचारा: तो कशासाठी सुरू केला होता? खेड्यात मी वारंवार पाहतो की बीपीची गोळी "गरम पडते" म्हणून सोडलेली असते आणि तिच्या जागी लसूण आलेला असतो. तसं असेल तर डॉक्टरांना सांगून गोळी पुन्हा सुरू करून घ्या आणि या आठवड्यात दोनदा, पुढच्या आठवड्यात दोनदा बीपी मोजा. उपकेंद्रातल्या सिस्टर मोजून देतात. ऑपरेशनच्या सकाळी बीपी १८०/११० च्या वर निघालं तर आम्हाला ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं, आणि तुमचा सगळा बंदोबस्त वाया जातो.

त्यांना ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी कुठली गोळी चालू असेल तर ती लसणाबरोबर स्वतःहून बंद करू नका. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने ती परस्पर थांबवली तर स्टेंट बंद पडून झटका येऊ शकतो. ती कधी थांबवायची किंवा चालूच ठेवायची, हे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतात. गुडघ्या-कमरेच्या दुखण्याच्या गोळ्यांचंही त्यांना विचारा; या काळात साधारणपणे पॅरासिटामॉलवर भागवता येतं. आणि भरती व्हायला याल तेव्हा घरातल्या सगळ्या डब्या, पुड्या, चूर्णं, काढ्याची पाकिटं एका पिशवीत घालून आणा. नावं आठवून सांगायची गरज नाही, आम्ही पिशवी टेबलावर रिकामी करून बघतो.

मधे एखाद्या दिवशी बाबांनी सवयीने लसूण खाल्लाच तर लपवू नका, तारीख लिहून ठेवा आणि सांगा. आठ-दहा दिवस आधीची एखादी चूक असेल तर मी ऑपरेशन पुढे ढकलत नाही. तीन-चार दिवस आधीपर्यंत रोज चालू होता असं कळलं तर प्रोस्टेटसाठी मी आठवडाभर थांबतो, कारण घाई नसते. लघवी पूर्ण अडली तर नळी घालून तो आठवडा काढता येतो. मोठ्या शहरात, जिथे रक्तपेढी त्याच इमारतीत आहे, तिथले माझे सहकारी कदाचित थांबणार नाहीत, आणि त्यांचंही बरोबर असेल. आमच्याकडे पिशवी यायला दोन तास लागतात. तातडीचं ऑपरेशन असेल, म्हणजे फुटलेलं अपेंडिक्स, अडलेलं बाळंतपण, खुब्याचं हाड मोडलेलं, तर लसणासाठी एक दिवसही थांबायचं नसतं. तेव्हा फक्त सांगायचं, आम्ही तयारी वाढवतो.

आणि पुन्हा कधी सुरू करायचा, हे बहुतेकांना कुणी सांगत नाही. घरी आल्यावर लघवी स्वच्छ झाली की माणसाला वाटतं, झालं सगळं. पण जखमेवर आत खपली धरलेली असते, आणि ती साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास, कधी त्याहून उशिरा सुटते. तेव्हा लघवी पुन्हा लाल होऊ शकते. नेमक्या त्याच दिवसांत लसूण आणि कॅप्सूल परत सुरू झालेली मला नको असते. म्हणून मी महिनाभर थांबायला सांगतो आणि सर्जनना दाखवून मगच सुरू करू देतो. त्या महिन्यात लघवी फिकट गुलाबी दिसली तर पाणी वाढवा, ओझं उचलू नका, शौचाला जोर करू नका. रंग अंबाडीच्या फुलांच्या सरबतासारखा गडद झाला, गाठी पडायला लागल्या किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात या.